बाईंची चाळणी

आमच्या बाई थकलेल्या दिसतात असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. दिसतात कसल्या, थकलेल्याच आहेत. रविवारच्या पुरवणीच्या त्या संपादक, मी मुद्रितशोधक. पुरवणीत आम्ही दोघंच, टेबलाला टेबल लावून बसतो, मधे फक्त जुन्या अंकांचा ढीग. त्यामुळे त्यांचा एकेक उसासा माझ्या कानावरून जातो. सकाळी येतात, पिशवी खुर्चीला अडकवतात, चष्मा पदराला पुसतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "किती आले हो?" म्हणजे लेख. बाहेरून लिहिणाऱ्यांचे.

पूर्वी आठवड्याला पंधरा-वीस यायचे. मग मशीन लिहायला लागलं आणि पूर आला. एकच माणूस सोमवारी मधुमेहावर, मंगळवारी अंतराळावर आणि बुधवारी आईच्या मायेवर लिहायला लागला. तीनही लेखांचा शेवट मात्र एकच, 'चला तर मग, आजपासूनच सुरुवात करूया'. कसली सुरुवात करतोस रे बाबा! मी तर असलं काही दिसलं की कागद भिरकावायचो. बाई भिरकावत नाहीत. त्यांचं म्हणणं, "मशीन वापरलं म्हणून कोणी चोर होत नाही. वापरून लपवलं तर खोटं बोलला. आपण खोटं शोधायचं, मशीन नाही."

म्हणून त्यांनी चाळणी केली. पाठपोट एक पान. आधी सगळ्या लेखकांना कळवलं की मशीनची मदत घेतली असेल तर कुठे आणि किती ते लेखाखाली लिहा, आम्ही त्यावरून लेख टाकून देणार नाही. ज्यांनी काहीच लिहिलं नाही त्यांचे लेख चाळणीतून जायचे. लेखात जी माणसं बोलतात ती खरी आहेत का, त्यांना फोन करता येतो का. ज्या पुस्तकाचा, अहवालाचा हवाला दिलाय तो आहे का, आणि असला तर त्यात तसं म्हटलंय का. (एका गृहस्थांनी दिलेली चारपैकी तीन पुस्तकं जगात कुठे छापलीच गेली नव्हती. नावं मात्र अशी भारदस्त, की मीच वाचायला घेणार होतो.) मग लेखकाकडे काय आहे ते मागायचं, टिपणं, फोटो, आधीचे कच्चे खर्डे, जे असेल ते. आणि शेवटी लेखकाला फोन. फोनवर बाई एकच प्रश्न विचारायच्या, "लेखात काय घालायचं राहून गेलं?"

या प्रश्नावर माझा फार जीव. ज्याने स्वतः लिहिलंय त्याच्याकडे राहून गेलेलं ढीगभर असतं. तो अर्धा तास सोडत नाही, फोन ठेवायला बाईंनाच काहीतरी सबब काढावी लागते. ज्याने लिहिलं नाही तो म्हणतो, "नाही, सगळं आलंय."

चाळणीवर दोन गोष्टी लाल शाईत होत्या. भाषा गुळगुळीत आहे एवढ्यावरून कोणालाही नाकारायचं नाही. आणि नाकारण्याआधी लेखकाचं म्हणणं ऐकायचं. बाईंचे यजमान शिलाई मशीन दुरुस्त करतात. ते एकदा डबा द्यायला आले होते, त्यांनी ते पान वाचलं आणि म्हणाले, "माझी यंत्रं बरी बाई. दोरा तोडतात, पण मी नाही तोडला असं म्हणत नाहीत." बाई हसल्या. ती त्या महिन्यातली बहुधा पहिलीच वेळ.

मग साहेबांनी दुष्काळात तेरावा महिना आणला. साहेब म्हणजे आमच्या चारही पुरवण्यांचे व्यवस्थापक. वरच्या मजल्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकतात. त्यांनी ओळखयंत्र विकत घेतलं. लेख आत टाकायचा, ते आकडा सांगतं, हा लेख इतके टक्के मशीनचा. सत्तरच्या वर आकडा आला की थेट नकाराचं पत्र. फोन नको, खर्डे नको, "तेवढा वेळ कोणाला आहे?" आणि नाकारलेल्यांची नावं दर शुक्रवारी एका यादीत. ती यादी चारही पुरवण्यांना जाणार. एकदा नाव त्यात गेलं की त्या माणसाचा लेख आमच्या इमारतीत कोणी उघडायचा नाही.

बाई वर जाऊन भांडल्या. खरंच भांडल्या, जिन्यापर्यंत आवाज आला. आकडा म्हणजे पुरावा नव्हे, तो अंदाज आहे, माणसाने लिहिलेल्यालाही मशीनचं म्हणतो, आणि मराठीवर तर त्याचा अंदाज आणखीच डळमळीत. फार तर कुठे जास्त लक्ष द्यायचं ते त्यावरून ठरवा, असं त्या म्हणाल्या. साहेब म्हणाले, "बाई, तुमची चाळणी चांगली आहे हो. पण तुम्ही एकट्या किती चाळणार?" त्या आठवड्यात शंभरावर लेख आले होते. त्या खाली आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "हात टेकले मी." मला साहेबांचा इतका राग आला, की समोरच्या प्रुफात मी एक धडधडीत बरोबर शब्द चूक म्हणून कापला.

आता सिस्टरबद्दल सांगतो. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. तीसेक वर्षं वॉर्डात काढली, मग आमच्याकडे लिहायला लागल्या. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्याचं कसं करायचं, एवढाच त्यांचा विषय. सोळा वर्षं लिहितात. भाषा अशी, की वाचणाऱ्याला वाटावं आपल्यावर कोणीतरी खेकसतंय, पण आपल्या भल्यासाठी. त्यांच्या लेखाला मी हात लावत नाही. लावला तर दुसऱ्या दिवशी फोन, "तुम्ही कधी कोणाला बेडपॅन दिलाय का? मग माझं वाक्य कशाला बदललंत?" बाई आणि त्या एकमेकींना क्वचितच भेटल्या असतील. पण बाईंचा जीव होता त्यांच्यावर. सिस्टरचा लेख आला की बाई आधी तो वाचायच्या, बाकीचे नंतर.

या वेळी लेख आला तो शय्याव्रणांवर, म्हणजे पडून पडून अंगाला ज्या जखमा होतात त्यांच्यावर. बाईंनी पडद्यावर उघडला आणि पहिल्याच परिच्छेदाला त्यांचा चेहरा उतरला. मला म्हणाल्या, "हे ऐका. 'अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची शुश्रूषा ही केवळ एक जबाबदारी नसून तो प्रेम, संयम आणि समर्पण यांचा एक सुंदर प्रवास आहे.'"

"सिस्टर?" मी म्हटलं. "प्रवास?"

"सुनेने नवा कंप्युटर आणलाय म्हणत होत्या मागे." बाईंनी चष्मा काढला. "त्याही दमल्या असतील हो. कोण नाही दमलं?"

ओळखयंत्राने आकडा दिला ब्याण्णव. बाई तशाच बसून राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावलेल्या बाई फोन उचलतात. त्या दुखावल्या होत्या, आणि त्या दिवशी टेबलावर अजून वीस लेख होते. नियमाप्रमाणे पत्र तयार असायचंच, खाली फक्त नाव बदलायचं. 'आपल्या लेखनात आपला स्वतःचा आवाज आढळला नाही. मशीनचा वापर आपण जाहीर केलेला नाही. सबब लेख स्वीकारता येत नाही.' बाईंनी ते पाठवलं. सोळा वर्षांच्या लेखिकेला तीन ओळी! मला बोलायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण मलाही त्या 'सुंदर प्रवासा'चा असा काही संताप आला होता की त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर सिस्टरलाच चार शब्द सुनावले असते.

सिस्टरकडून उत्तर आलं नाही. ना पत्र, ना फोन. वाक्य बदललं तर फोन करणाऱ्या सिस्टर, आणि अख्खा लेख नाकारल्यावर गप्प. ते मला खटकलं आणि बाईंना त्याहून जास्त. शुक्रवार उजाडला. यादी समोर आली, त्यात सिस्टरचं नाव होतं, खाली बाईंची सही हवी होती. वरून दोनदा निरोप आला. बाईंनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग म्हणाल्या, "खड्ड्यात गेला त्यांचा नियम," आणि फोन लावला. स्पीकरवर लावला.

"सिस्टर, मी बोलते, पुरवणीतून."

"बोला." एवढंच. आवाज कोरा.

"तुमच्या लेखाबद्दल विचारायचं होतं."

"आधी पत्र, मग फोन? आमच्या वॉर्डात आधी पेशंटला विचारायचे, मग इंजेक्शन द्यायचे."

बाई हळूच म्हणाल्या, "लेखात काय घालायचं राहून गेलं, सिस्टर?"

मला वाटलं आता ठेवतात फोन. पण नाही. सिस्टर म्हणाल्या, "राहिलं ना. मधे भोक असलेल्या त्या गोल गाद्या मिळतात, लोक कौतुकाने आणतात, त्यांच्याबद्दल लिहायचं राहिलं. त्या वापरायच्याच नाहीत. मधला भाग वाचतो आणि कडेला दाब पडून तिथलं रक्त अडतं. आणि टाचांचं मी अर्धवटच लिहिलंय. उशी टाचेखाली नाही ठेवायची, पोटरीखाली ठेवायची, टाच अधांतरी राहिली पाहिजे. एका म्हाताऱ्या बाबांची टाच..." आणि सुरूच झाल्या. बाई ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे मशीनचं असेल तर मी मिशा काढतो, असं मी खुणेने सांगितलं.

"सिस्टर," बाई म्हणाल्या, "लेखाचा पहिला परिच्छेद जरा वाचून दाखवता? तुमच्याकडे असेल त्यातला."

"तुमच्याकडे नाही का?"

"आहे. तरी वाचा."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग सिस्टर वाचायला लागल्या. "'पेशंटला कुशीवर वळवायच्या आधी त्याला सांगा, की आता मी तुम्हाला वळवते. तो माणूस आहे, पोतं नाही. साधारण दर दोन तासांनी वळवायचं. जिथे कातडी लाल झालीय तिथे बोटाने दाबून बघा. बोट काढल्यावर लाली गेली नाही तर डॉक्टरला दाखवा. आणि तिथे चोळू नका, चोळून जखम लवकर होते.'"

बाई पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावर प्रेम, संयम, समर्पण. एक शब्द जुळत नव्हता. मला क्षणभर काही कळेचना. बाईंना मात्र कळलं. त्यांनी ईमेलची मूळ पेटी उघडली, जी आम्ही हल्ली उघडतच नव्हतो. त्यात सिस्टरची फाइल होती. उघडल्यावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन, कंस आणि टिंबं.

"जुना फॉन्ट," बाई म्हणाल्या, आणि कपाळावर हात मारला.

झालं होतं ते असं. नव्या, म्हणजे युनिकोड फॉन्टमध्ये लिहिलेलं मराठी कुठेही वाचता येतं. पण सिस्टरसारखी आमची जुनी मंडळी नव्या कंप्युटरवरही अजून जुन्या फॉन्टमध्ये टंकतात, ते दुसऱ्याच्या मशीनवर उघडलं की असं गिचमिड दिसतं. म्हणून असे लेख आधी बदलून घ्यावे लागतात. वर्षानुवर्षं तसं चाललं होतं. साहेबांनी ओळखयंत्राबरोबर हे बदलून देणारं सॉफ्टवेअरही नवं घेतलं. येणारा लेख आपोआप त्यातून जायचा आणि वाचता येईल असा होऊन आमच्यासमोर यायचा. त्यात एक खूण आधीपासूनच केलेली होती, 'भाषा सुधारा'. कोणी पाहिली नाही, कोणी काढली नाही. अक्षरं बदलता बदलता ते बेणं वाक्यंच नव्याने लिहीत होतं. म्हणजे मशीनने लिहिलेलं होतंच, ओळखयंत्राचा आकडा बरोबर होता. फक्त ते मशीन आमचं होतं!

आणि गंमत बघा. हे फक्त जुन्या फॉन्टच्या लेखांना व्हायचं. मशीनकडून लिहून घेऊन मग ते जुन्या फॉन्टमध्ये टंकत बसणारा वेडा कुठे सापडणार? म्हणजे ज्यांच्यावर संशय घ्यायचं सगळ्यांत कमी कारण, नेमकी तीच माणसं अडकली. आणि अंतराळ ते आईची माया लिहिणारा तो गडी? त्याने चार शब्द इकडेतिकडे केले होते, त्याचा आकडा सत्तरच्या खाली, तो छापून आला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

बाईंनी फोनवर सगळं सांगितलं. लपवलं काही नाही. "सिस्टर, चूक आमची आहे. माझी आहे. मूळ फाइल मी उघडली नाही आणि फोन केला नाही. माफ करा. तुमचं नाव यादीत जाणार नाही आणि लेख रविवारी तुमच्या शब्दांत छापते."

सिस्टर म्हणाल्या, "विचार करून सांगते."

यादी घेऊन बाई वर गेल्या, मीही गेलो, कारण मला भांडायचं होतं. पण भांडण झालंच नाही. साहेब पांढरे पडले. म्हणाले, नाव काढा, ती खूण काढा, पण बाहेर बोलू नका. बाई म्हणाल्या, "जुन्या फॉन्टचे आणखी आठ जण नाकारलेत आपण. मी त्यांना फोन करणार आहे. अंकात चौकट छापणार आहे. आणि आजपासून आकड्यावरून कोणालाही पत्र जाणार नाही, मूळ फाइल पाहिल्याशिवाय तर नाहीच. नको असेल तर मला घरी पाठवा. खरं सांगू, झोप तरी मिळेल." साहेबांनी मान हलवली. मी नुसताच गेलो आणि नुसताच आलो.

त्या दुपारी बाईंनी आठही फोन केले. कोणी म्हणालं, असू दे हो. एका निवृत्त मास्तरांनी चांगले फैलावर घेतलं, बाईंनी मुकाट्याने ऐकून घेतलं. एकांच्या मुलीने सांगितलं, बाबांनी पत्र वाचून टंकायचं बंदच केलंय, म्हणतात आपलं मराठी आता मशीनसारखं झालं असेल, आपल्यालाच कळलं नसेल. फोन ठेवून बाई बराच वेळ खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघत बसल्या. मी चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला.

संध्याकाळी सिस्टरचा फोन आला. "लेख छापा. लोकांच्या उपयोगाचा आहे. नाव घालू नका."

"सिस्टर, असं काय करता? चौकटीत मी स्पष्ट लिहिते आहे, की चूक..."

"तुम्ही लिहाल. पण सोळा वर्षांत कधी वाटलं नाही, ते आता लिहायला बसले की वाटतं. कोणीतरी बघतंय, हे हिचंच का म्हणून. घरात सूनही विचारते, आई, नक्की तुम्हीच लिहिलंत ना? हसत विचारते, पण विचारते. मला नको आता ते नाव."

बाईंनी परोपरीने सांगितलं. नाही म्हणजे नाही. रविवारी लेख छापून आला, शब्द न् शब्द सिस्टरचा, गोल गाद्या आणि टाचांसकट. वर नाव नाही. मी पान लावताना चिडून म्हणालो, "हट्टी आहे बाई." बाई म्हणाल्या, "हट्टी नाहीत हो. आपण त्यांचं नाव उष्टं करून परत दिलंय. कोण घेईल?"

सोमवारी एका माणसाचा फोन आला. घाईघाईत बोलत होता. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, अंगावर एक जागा लाल झाली होती, तो आठवडाभर तिथे तेल चोळत होता. लेख वाचून थांबला. बोटाने दाबून पाहिलं तर लाली जात नव्हती. लिहिणाऱ्या कोण आहेत, त्यांच्याशी बोलता येईल का? बाई म्हणाल्या, नाव देता येत नाही, पण आजच डॉक्टरांना दाखवा, आणि तुमचं त्यांना नक्की सांगते. फोन ठेवला तेव्हा कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा जरा उजळला होता. लगेच सिस्टरला लावला. मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर.

सगळं सांगून झालं. सिस्टरचा आवाज बदलला. वॉर्डातला झाला असावा. "कुठे झालंय? माकडहाडाला, की टाचेला? कातडी फुटलीय का? त्यांना साखर आहे का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मलाही ठाऊक नव्हतं.

"मी विचारलं नाही, सिस्टर," बाई म्हणाल्या.

"विचारायचं असतं, बाई," सिस्टर म्हणाल्या. रागाने नाही. दमलेल्या माणसाने दमलेल्या माणसाला सांगावं तसं.

बाईंनी फोन ठेवला आणि त्या माणसाचा नंबर शोधायला लागल्या.